अण्णांच्या चहाची कृती

पहाटे साडेपाचला अण्णा आपले आपण उठतात.
तुम्ही स्वयंपाकघरातला दिवा लावावा
आणि त्यांच्यासमोर येऊन 'चहा ठेवते' असे सांगावे,
कारण एकवीस वर्षे साचेखात्यात मागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला
पाठीमागून बोललेले ऐकू येत नाही.

पातेले दांड्याचे, बुडाशी काळे पडलेले घ्यावे.
(नवे वरच्या फळीवर आहे, ते मी आणले होते,
त्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही.)
पाऊण कप पाणी ठेवावे, आणि त्याच वेळी
शेजारच्या शेगडीवर कुकर मात्र चढवू नये.
कुकरची शिट्टी तेवढी त्यांना बरोबर ऐकू येते,
ती गिरणीचा भोंगा आहे असे समजून ते सदरा शोधू लागतात,
आणि डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून
सातच्या पाळीला लालबागेत कसे पोहोचायचे,
हे त्यांना समजावून सांगणे कठीण जाते.

आले किसू नये, ठेचावे.
अण्णा ओट्यावर तळहात टेकून उभे राहतात
आणि बत्त्याचा ठोका त्यांना हाताने कळतो.
खोकल्यासाठी आले थोडे जास्तच असू द्यावे;
कापसाचा जो धुरळा त्या वर्षांत छातीत गेला, तो आल्याने निघणार नाही,
पण घसा शेकला की ते बरे वाटल्यासारखे मान हलवतात.
गवती चहाच्या दोन पाती खिडकीतल्या कुंडीतून कापून घ्याव्यात.

आधण आले की साखर दीड चमचा
आणि चहाची भुकटी एक चमचा घालावी.
ते 'अर्धाच' म्हणतील.
मग वाण्याच्या वहीत आमच्या नावापुढे किती रुपये चढले आहेत, तो आकडा सांगतील.
आकडा रोज तोच असतो. तुम्ही 'बरे' म्हणावे आणि चमचा पुरा भरावा.

इथे आच मंद करून थोडे थांबावे,
कारण याच सुमारास ते संपाचे विचारतात.
18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार
डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर बाहेर पडले, त्यांत अण्णा होते.
'संप मिटला का?' असे त्यांनी विचारले, तर 'नाही' म्हणावे.
हे खोटे बोलणे होत नाही. तो संप मागे घेतल्याचे
रीतसर कोणी कधी जाहीर केलेलेच नाही.

आता दूध, आणि याचीच मला काळजी आहे.
डॉक्टरांनी वजन उतरल्यामुळे चहात दूध घालायला सांगितले आहे,
आणि अण्णा कोरा चहा पितात.
संपाच्या तिसऱ्या महिन्यात घरातले दूध पावशेरावर आले,
आई खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली,
आणि एका सकाळी अण्णा म्हणाले की त्यांना चहा कोराच आवडतो.
त्यानंतर घरात सगळे तसेच म्हणत आले;
मीही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे की आमच्या अण्णांना दूध चालत नाही.
आईने खरे काय ते सांगितले, तेव्हा तिचे शेवटचे आजारपण चालू होते.

म्हणून दूध लपवून घालू नये.
मी एकदा तसे केले; त्यांनी कपात पाहिले, बशी झाकली
आणि कप तसाच उचलून फळीवर ठेवला,
'पोरगी उठली की दे,' असे मला म्हणाले.

तेव्हा पितळेची छोटी वाटी घ्यावी, ती तापवलेल्या दुधाने काठोकाठ भरावी,
झाकणी ठेवावी, आणि त्यांना फळीजवळ नेऊन, झाकणी उचलून दाखवावी.
'पोरीचे दूध काढून ठेवले आहे' एवढेच बोलावे.
ते वाटीत वाकून पाहतात. कधी बोटाने काठ तपासतात.
त्यांची मान हलली की मगच
उरलेले दूध त्यांच्या देखत पातेल्यात ओतावे,
एक उकळी येऊ द्यावी, गाळावे, आणि बशीत ओतून द्यावे.

ते पिताना समोर बसावे.
त्या पोरीचे केस आता पिकले आहेत,
तिला रोज पहाटेच कामावर निघावे लागते, म्हणून हा कागद लिहिला आहे;
पण ती कुठे आहे असे त्यांनी विचारले, तर 'झोपली आहे' असे सांगावे.

ते आडवे झाले की वाटी फळीवरून काढून फ्रिजमध्ये ठेवावी,
रात्री दूध कोमट करून विरजण लावावे
आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या भातावर ते दही घालावे.
दही कुठल्या दुधाचे, हे सांगू नये.
वाटी चिंचेने घासून ओट्यावर पालथी ठेवावी,
म्हणजे पहाटे ती हाताशी असते.