कर्वेनगरच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार: मावशीसाठी मराठी भाषांतर

मावशी, तू पाठवलेल्या पाच फोटोंमधल्या इंग्रजी कराराचं हे भाषांतर. शब्दाला शब्द लावलेला नाही. वकिली पाल्हाळ गाळलं आहे, पण तुझ्यावर काय बंधन पडतं आणि मालकांवर काय, हे कुठेही सैल केलेलं नाही. मुळात ‘करावे लागेल’ असेल तिथे इथेही तसंच आहे. ‘करू शकतील’ असेल तिथे तसंच. चौकटी कंसातला मजकूर माझा, बाकी सगळा करार. दोघांची नावं, पॅन आणि आधार क्रमांक मुद्दाम उतरवलेले नाहीत, कारण हे भाषांतर तू चार जणांना दाखवशील. सही इंग्रजी कागदावरच होणार आहे, त्यामुळे खाली सुचवलेला प्रत्येक बदल इंग्रजी मसुद्यात व्हायला हवा.

करारनामा

हा करारनामा पुणे येथे फ्लॅटचे मालक (यापुढे ‘लिहून देणार’) आणि वापरासाठी फ्लॅट घेणाऱ्या व्यक्ती (यापुढे ‘लिहून घेणार’) यांच्यात होत आहे. मिळकत: फ्लॅट क्र. 7, दुसरा मजला, कर्वेनगर, पुणे 411052. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी आणि दुचाकीपुरती पार्किंगची जागा.

1. कराराचे स्वरूप. लिहून देणार हे लिहून घेणार यांना फ्लॅट फक्त ठरावीक मुदतीसाठी वापरण्याची परवानगी देत आहेत. या करारामुळे लिहून घेणार यांना भाडेकरूचा हक्क किंवा मिळकतीत कोणताही हितसंबंध मिळत नाही. फ्लॅटचा कायदेशीर ताबा लिहून देणार यांच्याकडेच राहील. हा करार भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882, कलम 52 आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 24 यांना धरून आहे.

[बोलताना आपण ‘भाड्यानं घेतलं’ म्हणतो, पण जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला असतं तसं संरक्षण इथे नाही. मुदत संपली की घर सोडायचंच. कलम 24 मध्ये आणखी एक गोष्ट आहे: लेखी लायसन्स करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा धरला जातो. ‘एजंट तोंडी हो म्हणाले होते’ याचा पुढे उपयोग होणार नाही. जे ठरलं ते कागदावर आणून घे.]

2. मुदत. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027, एकूण 24 महिने. मुदतवाढ आपोआप मिळणार नाही. दोघांची संमती असल्यास नवा करार करावा लागेल.

3. मासिक शुल्क. पहिले 12 महिने दरमहा ₹ 18,000 (अक्षरी अठरा हजार पाचशे रुपये फक्त), त्यानंतरचे 12 महिने त्यात 5 टक्के वाढ. शुल्क दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत लिहून देणार यांच्या बँक खात्यात जमा करावे लागेल. सलग दोन महिन्यांचे शुल्क थकल्यास लिहून देणार करार रद्द करू शकतील.

[आकडा आणि अक्षर जुळत नाहीत. फोटो मोठा करून पाहिला, दोन्ही स्पष्ट आहेत. चूक टायपिंगची आहे. तुमचं 18,500 ठरलं आहे असं तू म्हणालीस, तर आकडा सुधारून घे. म्हणजे दुसऱ्या वर्षी 19,425 होतील. अशा ठिकाणी वाद झाला की साधारणपणे अक्षरी रक्कम खरी मानतात, पण आपण वादाला जागाच ठेवायची नाही.]

4. अनामत. लिहून घेणार यांनी ₹ 60,000 बिनव्याजी अनामत दिली आहे. मुदत संपल्यावर किंवा करार त्याआधी संपुष्टात आल्यावर, फ्लॅट रिकामा करून चाव्या परत देताना, थकीत शुल्क, बिले आणि ‘लिहून देणार यांना योग्य वाटेल ती’ नुकसानभरपाई वजा करून उरलेली रक्कम परत केली जाईल.

[‘योग्य वाटेल ती’ हे मी मुद्दाम सौम्य केलेलं नाही, मुळात तसंच आहे. म्हणजे किती कापायचे हे एकटे मालक ठरवणार. इथे तीन गोष्टी घालून घे: नेहमीच्या वापरानं झालेली झीज आणि रंग उडणं हे नुकसान नव्हे, कपात फक्त दुरुस्तीची बिलं दाखवून, आणि उरलेली रक्कम चाव्या देतानाच, त्याच दिवशी, खात्यात. साठ हजार तुझी वर्षाची बचत आहे. या कलमावर मागे हटू नकोस.]

5. इतर खर्च. वीजबिल, गॅस, इंटरनेट आणि सोसायटीची ‘सर्व’ आकारणी लिहून घेणार भरतील. मालमत्ता कर लिहून देणार भरतील.

[‘सर्व’ या शब्दात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही येतात. घर दुसऱ्याला वापरायला दिल्याबद्दल सोसायटी ते सभासदाकडून, म्हणजे मालकांकडून घेते. शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे रक्कम छोटी असेल. तरी ती तुझी नव्हे. ‘मासिक देखभाल शुल्क लिहून घेणार, बाकी आकारणी लिहून देणार’ असं करायला सांग.]

6. वापर. फ्लॅटचा वापर केवळ लिहून घेणार आणि त्यांच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी करावा लागेल. तेथे कोणताही व्यापार, धंदा किंवा व्यावसायिक काम करता येणार नाही. या कलमाचा भंग झाल्यास लिहून देणार 15 दिवसांची लेखी सूचना देऊन करार रद्द करू शकतील.

[मावशी, सगळ्या करारात तुझ्यासाठी हे कलम सर्वांत महत्त्वाचं. तू घरून पोळीभाजीचे डबे देतेस. मालकांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकत नाही असं तू सांगितलंस, पण या शब्दांत डबे ‘धंदा’ ठरतात. उद्या मालकांशी बिनसलं, किंवा डबेवाल्याच्या सायकलीवरून शेजाऱ्यांनी तक्रार केली, तर पंधरा दिवसांत घर सोडायची वेळ येईल, आणि कलम 10 चे पैसे वर मागतील. कलमाच्या शेवटी हे वाक्य जोडून घे: ‘लिहून घेणार यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून, घरगुती प्रमाणात, बाहेरचे कामगार न ठेवता जेवणाचे डबे देणे हा या कलमाचा भंग समजला जाणार नाही.’ सोसायटीच्या सेक्रेटरींकडूनही एक ओळीचं पत्र घे. मालकांनी वाक्य घालायला नकार दिला, तर हे घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.]

7. पोटभाडेकरू. फ्लॅट किंवा त्याचा भाग दुसऱ्या कोणालाही वापरायला देता येणार नाही.

8. बदल व दुरुस्ती. लेखी परवानगीशिवाय तोडफोड किंवा बांधकाम करता येणार नाही. नळ, बल्ब, बटणे अशा किरकोळ दुरुस्त्या लिहून घेणार करतील. गळती, ड्रेनेज, भिंतीतील वायरिंग आणि बांधकामाशी संबंधित दुरुस्त्या लिहून देणार करतील.

9. पाहणी. किमान 24 तास आधी कळवून लिहून देणार किंवा त्यांचा प्रतिनिधी दिवसा फ्लॅटची पाहणी करू शकतील.

[7 ते 9 नेहमीची कलमं आहेत, ठीक आहेत.]

10. लॉक-इन. पहिल्या 12 महिन्यांत लिहून घेणार यांना करार संपवता येणार नाही. त्या काळात फ्लॅट सोडल्यास, किंवा त्यांच्याकडून झालेल्या भंगामुळे करार रद्द झाल्यास, 12 महिन्यांपैकी उरलेल्या महिन्यांचे शुल्क द्यावे लागेल. ते अनामतीतून वळते करून घेता येईल.

[लॉक-इन फक्त तुझ्यावर आहे, मालकांवर नाही. पुढच्याच कलमानं ते तुला पहिल्या वर्षातही नोटीस देऊ शकतात. ‘दोन्ही पक्षांना’ असं करून घे. चौथ्या महिन्याच्या शेवटी सोडलंस तर आठ महिन्यांचे 1,48,000 होतात. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, करारातली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा. पण तिथपर्यंत जाण्याची तुझी इच्छाही नाही आणि ऐपतही नाही, म्हणून दंड दोन महिन्यांच्या शुल्कापुरता ठेवायला सांग.]

11. नोटीस. लिहून देणार कोणत्याही वेळी, आणि लिहून घेणार लॉक-इननंतर, लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतील.

[नोटिशीची मुदत फोटोत वाचता येत नाही. चौथ्या पानावर गोल शिक्का नेमका त्या आकड्यावर बसला आहे, मागे ‘महिने’ एवढंच दिसतं. अंदाजानं भाषांतर करणार नाही. ते पान उजेडात सपाट ठेवून, वरून सरळ धरून, पुन्हा काढून पाठव. आणि आकड्यासोबत अक्षरातही लिहायला सांग.]

12. मुदतीनंतरचा ताबा. करार संपल्यावर फ्लॅट रिकामा न केल्यास लिहून घेणार यांना त्या काळासाठी शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल.

[हे भाडे नियंत्रण अधिनियमातही आहे, कलम 24. यात सवलत मागून उपयोग नाही. जून 2027 पासूनच दुसरी जागा शोधायला लागू.]

13. नोंदणी व मुद्रांक. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि एजंटचा आकार लिहून घेणार देतील.

[खर्च कोणी करायचा हे आपसांत ठरवता येतं. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे मालकांचीच आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम सांगतं. ‘नुसती नोटरी पुरे’ म्हणाले तर ऐकू नकोस. दोन वर्षांचं शुल्क 4,55,100, त्यात अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 12,000. या बेरजेचा पाव टक्का म्हणजे सुमारे 1,168 रुपये मुद्रांक, आणि महापालिका हद्दीत 1,000 रुपये नोंदणी फी. एजंटनं सांगितलेले 6,000 कशाचे, ते फोडून विचार. निम्मा खर्च मालकांनी उचलायला हरकत नसावी. ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्याआधी स्क्रीनवरचा मसुदा या बदलांशी ताडून पाहा.]

14. पोलीस माहिती. लिहून घेणार यांची माहिती पोलीस ठाण्यास देण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील.

15. वाद. मुदत संपल्यावर ताब्याचा वाद भाडे नियंत्रण अधिनियमाखालील सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, इतर वाद पुणे येथील न्यायालयात चालतील.

[सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर 30 दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. नाहीतर मालकांचं म्हणणं मान्य धरून घर खाली करण्याचा आदेश होतो. असा कागद आला तर त्याच दिवशी फोन कर.]

परिशिष्ट: फ्लॅटमधील वस्तू. पंखे 4, ट्यूबलाइट 5, गिझर 1, लोखंडी कपाट 1, स्वयंपाकघरातील चिमणी 1, मुख्य दाराच्या चाव्या 2. सर्व वस्तू चालू स्थितीत मिळाल्या.

[‘चालू स्थितीत’ यावर सही करण्याआधी गिझर लावून पाहा आणि चारही पंखे फिरवून बघ. तू पाठवलेल्या घराच्या व्हिडिओत बेडरूमचा पंखा काढलेला दिसतो, नुसता हूक आहे. पंखा बसवून घ्या, नाहीतर यादीत 3 करा.]

सह्या: लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार दोन.