जळगावातली एक बैठकीची खोली : ३ लाख २८ हजार रुपये आणि ४७ दिवस

(पडद्यावर जुनी खोली. खिडकीपासून कॅमेरा हळूहळू मागच्या भिंतीकडे वळतो.)

नमस्कार. बारा बाय चौदा फुटांची ही बैठकीची खोली जळगावातल्या एका जुन्या बंगल्यातली असून, सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येईल तोवर खोली तयार हवी, एवढीच घरच्यांची अट होती.

(भिंतीचा खालचा भाग अगदी जवळून. बोट लावताच पोपडा गळतो.)

हा पोपडा नीट पाहा. भिंतीला लोणा लागलेला होता, आणि याआधी दोनदा त्यावर नुसता रंग चढवण्यात आला होता. आम्ही प्लास्टर फोडले तेव्हा पलीकडच्या न्हाणीघरातील पाइपचा सांधा गळत असल्याचे दिसले. तो दुरुस्त करून नवे प्लास्टर करायला २४ हजार रुपये लागले, जे माझ्या पहिल्या अंदाजात नव्हते. भिंत ठोकून पाहिली असती तर पोकळ आवाज आधीच ऐकू आला असता. ती चूक माझी.

(त्याच कोनातून नवी खोली.)

पूर्ण फॉल्स सीलिंग मी मुद्दाम टाळले, कारण छत साडेनऊ फुटांवर आहे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा आणखी खाली आणणे मला पटत नाही. म्हणून फक्त एका बाजूला पीओपीची पट्टी दिली आहे. पश्चिमेच्या खिडकीला अस्तराचे जाड पडदे लावले. आजोबांचा सागवानी दिवाण मात्र पॉलिश करून तिथेच ठेवला, आणि खोलीत तोच सर्वांत देखणा दिसतो.

(पडद्यावर आकडे.)

सुतारकाम १ लाख ५२ हजार, वायरिंग व दिवे ३८ हजार, रंग व पुट्टी ३६ हजार, भिंतीची दुरुस्ती २४ हजार, पीओपी २१ हजार, पडदे व पॉलिश २७ हजार आणि माझे मानधन ३० हजार, असे एकूण ३ लाख २८ हजार रुपये झाले. मी सुरुवातीला पावणेतीन ते ३ लाख १० हजार सांगितले होते. सोफा, टीव्ही आणि एसी यात धरलेले नाहीत. अशाच आकाराच्या खोलीसाठी आता मी पावणेतीन ते साडेतीन लाख सांगते. याहून पुष्कळ कमी आकडा कोणी सांगितला, तर प्लायवूड कोणत्या प्रतीचे आहे हे कोटेशनमध्ये लिहून मागावे.

मुदत ३५ दिवसांची दिली होती, प्रत्यक्षात ४७ लागले. प्लास्टरवर पाणी मारून ते पुरते वाळेपर्यंत आठ दिवस गेले, आणि होळीला आमचे सुतार राजस्थानात गावी गेल्याने आणखी चार. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली असती तर आठवडा वाचला असता, पण पावसाळ्यात हाच पोपडा पुन्हा दिसला असता.

१२ फेब्रुवारीला सुरू केलेले काम ३० मार्चला पूर्ण करून किल्ली घरच्यांच्या हाती दिली.