केळी पुस्तिकेच्या मसुद्यावरचे शेरे

जळगाव, १८ ऑगस्ट

प्रिय मयूरी,

केळी लागवड पुस्तिकेचा तुझा मसुदा मूळ इंग्रजी शेजारी ठेवून दोनदा वाचला. फाइलमध्ये दोन रंग दिसतील. लाल म्हणजे चूक, ती दुरुस्त करावीच लागेल. निळं म्हणजे मी वेगळं लिहिलं असतं, एवढंच. निळं घ्यायचं की सोडायचं ते तू ठरव, आणि सोडलंस तर मला कारण सांगायची गरज नाही.

आधी एक सांगते. ‘निसवण’ आणि ‘वाफसा’ हे दोन शब्द तू कुणी न सुचवता वापरलेस. शब्दकोशात बघून लिहिणाऱ्याने तिथे ‘घड बाहेर पडण्याची अवस्था’ आणि ‘योग्य ओलावा’ असं काहीतरी लिहिलं असतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला तुझी ओळ आपली वाटेल.

आता लाल खुणा. सगळ्यात गंभीर पान ६ वर आहे. मुळात प्रति झाड २०० ग्रॅम नत्र आहे, तू ‘२०० ग्रॅम युरिया’ लिहिलं आहेस. युरियात नत्र असतं ४६ टक्के. म्हणजे २०० ग्रॅम नत्रासाठी साधारण ४३५ ग्रॅम युरिया लागतो. तुझं वाक्य वाचून कुणी खत दिलं तर झाडाला निम्म्याहूनही कमी नत्र मिळेल. वाक्य वाचायला इतकं सहज आहे की मूळ उघडून बघितल्याशिवाय चूक सापडत नाही, म्हणून आकडा असलेली प्रत्येक ओळ शेवटी पुन्हा मुळाशी ताडून बघत जा. फक्त आकडा नाही, आकड्यापुढचा शब्दसुद्धा.

पान ९: ‘शेवटची फणी उमलण्याआधी केळफूल काढावे.’ मुळात नेमकं उलट आहे, शेवटची फणी उमलेपर्यंत काढू नये. इंग्रजी वाक्यात नकार सुरुवातीला आणि मुदत शेवटी आली, की मराठीत वळवताना अशी गफलत होते. अशा ठिकाणी वाक्य मोडून लिही: ‘शेवटची फणी उमलू द्यावी. त्यानंतरच केळफूल काढावे.’

पान ११ वर ‘काकडीचा मोझॅक’ आहे. शब्दाला शब्द ठेवला तर बरोबर, पण केळीवाला म्हणेल हा काकडीचा रोग, आणि पान उलटेल. आपल्याकडे त्याला ‘हरण्या’ म्हणतात. ‘कुकुंबर मोझॅक (हरण्या)’ असं लिही. पुढच्या परिच्छेदात मावा आणि बागेजवळच्या वेलवर्गीय पिकांबद्दल जे आहे, ते या नावाशी जोडलं गेलं तरच उपयोगी.

एकाच गोष्टीला पान ४ वर ‘पील’, ७ वर ‘फुटवा’ आणि ९ वर ‘मुनवा’ असं झालं आहे. तिन्ही शब्द खरे आहेत, पण वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतील. ‘पील’ ठेव, सगळीकडे तेच. ‘जमीनीत’ पाच ठिकाणी आहे, तिथे ‘जमिनीत’ हवं. ‘शरीरात’ दीर्घ राहतं कारण तो तत्सम शब्द, ‘जमीन’ तसा नाही.

निळ्याबद्दल थोडं. मी ‘करा’ लिहिते, तू ‘करावे’. तू शेवटपर्यंत एकच धरलंस, तर ते चूक नाही. ‘तथापि’ मला जड वाटतो, मी ‘पण’ लिहिला असता. ‘ठिबकद्वारे’चं मी ‘ठिबकमधून’ केलं होतं, मग परत पुसलं. तुझं वाक्य आहे, त्याला माझा आवाज द्यायचा नाही. खूण करताना मी एकच विचारते: हे वाचून शेतकरी बांधावर काही वेगळं करेल का? करेल तर लाल. (शुद्धलेखन त्याला अपवाद, कारण छापील कागदावरचा विश्वास त्यावरही असतो.)

हे मी इतकं जपून करते, त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी माझं पान लाल करून दिलं होतं. त्यात त्यांच्या आवडीचे शब्द वीस-पंचवीस, आणि खरी चूक एक: हेक्टरी प्रमाण मी एकरी लिहिलं होतं. त्या गर्दीत ती मला दिसली नाही आणि तसंच छापून गेलं. औषध जवळजवळ अडीचपट सांगितलं गेलं, ते मला अजून सलतं.

मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. कांदेबागेच्या लागवडीआधी पुस्तिका हातात पडायला हवी. पाठवण्याआधी पान ६ आणि ९ तुझ्या मामांना मोठ्याने वाचून दाखव. ते ‘हाई काय शे?’ म्हणाले, तर ती ओळ पुन्हा बघ.

‘रॅटून’ मी बिनरंगाचा सोडला आहे. आपल्याकडे ‘पीलबाग’ चालेल, पण पुस्तिका नांदेडकडेही जाणार असेल तर ‘खोडवा’ बरा. ती कुठे कुठे वाटणार, हे मी उद्या पुस्तिका काढणाऱ्यांना फोन करून विचारते.

सुनंदाताई