उद्याच्या सादरीकरणाला मी येऊ शकत नाही

नमस्कार मॅडम, सायली, ओंकार,

मला कांजिण्या झाल्या आहेत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घराबाहेर पडू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळे उद्याच्या अंतिम सादरीकरणाला मी नसेन. ऐनवेळी तुमच्यावर भार पडतोय, याचं फार वाईट वाटतंय.

माझा भाग स्लाइड ७ ते १० चा. प्रत्येक स्लाइडखाली काय बोलायचं ते लिहून ठेवलंय. ओंकार, ९ वरचा भूजल पातळीचा आलेख तू सांगशील का? त्यात उभा अक्ष जमिनीपासूनची खोली दाखवतो, म्हणजे रेघ वर गेली की पाणी खाली गेलेलं असतं. तिथे हमखास प्रश्न येईल.

मॅडम, माझी तोंडी परीक्षा नंतर घेता येईल का? डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.

आपली,
मृण्मयी