निनावी तक्रारपत्रे हाताळण्याबाबत मार्गदर्शक सूचना

प्रति : सर्व मुख्याध्यापक, वसतिगृह अधीक्षक व कार्यालयीन कर्मचारी
दिनांक : २ जून २०२५

पत्राखाली सही नाही म्हणून ते फाडायचे नाही आणि केवळ त्याच्या जोरावर कुणाला दोषीही धरायचे नाही. शिक्षकाविरुद्ध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा अधीक्षकांविरुद्ध लिहिणाऱ्या स्वयंपाकीणबाईंना नाव घालण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे.

पत्र पेटीतून आले वा टपालाने, लिपिकाने ते पाकिटासह मोहोरबंद करून त्याच दिवशी सचिवांकडे द्यावे. आवक नोंदवहीत फक्त 'निनावी पत्र', तारीख व क्रमांक लिहावा. ती वही टेबलावर उघडी असते, म्हणून आरोप असलेल्याचे नाव तिथे नको.

सचिव आणि तक्रारीशी संबंध नसलेल्या शाखेचे एक मुख्याध्यापक सात दिवसांत पत्र तपासतील. 'अमुक सर भ्रष्ट आहेत' एवढाच मजकूर असेल तर कारण नोंदवून ते दप्तरी दाखल करावे. 'अंड्यांचे बिल निघते, पण ताटात अंडी येत नाहीत' हे मात्र पडताळता येते. अशा वेळी आधी साठा नोंदवही, पुरवठादाराची बिले व हजेरीपट यांच्या छायाप्रती घ्याव्यात आणि मगच प्रश्न विचारावेत. उलट क्रमाने गेल्यास नोंदी बदलण्याची शक्यता राहते. त्यानंतर जेवणाच्या वेळी न कळवता भेट द्यावी. रोख एकाच वसतिगृहावर दिसू नये म्हणून त्या आठवड्यात सगळीच पाहावीत. तथ्य आढळल्यास पुढील चौकशी त्या कागदपत्रांच्या आधारे होईल व संबंधितास म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी मिळेल.

बालकावरील लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असल्यास वरील सात दिवस लागू नाहीत. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना तात्काळ कळवावे. शाळेने स्वतः मुलाची उलटतपासणी करू नये. हाताखालच्या व्यक्तीचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

पत्र कुणी लिहिले याचा शोध घेण्यास सक्त मनाई आहे. वह्यांतले अक्षर जुळवणे, वर्गाकडून ओळी लिहून घेणे, पेटीसमोरचे कॅमेरा चित्रण काढणे, पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे हे शिस्तभंग समजले जाईल. आरोप असलेल्यास मूळ पत्र दाखवू नये. मुद्दे टंकलिखित करून द्यावेत आणि लिहिणारा ओळखू येईल असा तपशील त्यातून वगळावा.

नाव-पत्ता नसलेल्या पत्राला उत्तर देता येत नाही. सूचनाफलकावरही काही लावू नये. नाव-पत्ता असून तो खरा असण्याबद्दल शंका असेल तर संस्थेचा शिक्का नसलेल्या पाकिटातून, फक्त घरच्या पत्त्यावर, पुढील मजकूर पाठवावा :

"आपल्या नावाचे एक पत्र आम्हांस मिळाले आहे. ते आपलेच आहे का, हे पंधरा दिवसांत कळवावे. आपले नाव गुप्त राहील."

पत्रात तक्रारीचा विषय लिहू नये, कारण ते घरातले कुणीही उघडू शकते. उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पत्र निनावी समजून वरीलप्रमाणे कार्यवाही करावी. तक्रारदाराने ते आपले असल्याचे कळवल्यास चौकशी संपताच निष्कर्ष त्यांना लेखी कळवावा. कुणाला काय शिक्षा झाली, हा तपशील देऊ नये.

या सूचना १६ जून २०२५ पासून लागू होतील. तक्रारपेटीची किल्ली त्या दिवसापासून मुख्याध्यापकांकडे न राहता सचिवांकडे राहील.

सचिव