ऑडिट असोसिएट पदासाठी रेझ्युमे: स्नेहल पगार

सिडको, नाशिक | ऑक्टोबर 2025

सध्याची स्थिती
सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण (मे 2023), आर्टिकलशिप पूर्ण. फायनलची पहिली परीक्षा मे 2026 मध्ये देणार असल्याने मार्च-एप्रिल रजा लागेल. म्हणजे यंदाच्या बँक शाखा ऑडिटला हजर नसेन. टॅक्स ऑडिट आणि कंपनी ऑडिटच्या पूर्ण हंगामात उपलब्ध.

आर्टिकलशिप
सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2025. नव्या योजनेनुसार दोन वर्षे, एकाच फर्ममध्ये, ट्रान्स्फर नाही. फर्म नाशिकमधील, चार भागीदारांची. शेवटचे आठ महिने दोन ज्युनिअर आर्टिकल्सच्या वर्किंग पेपरची पहिली तपासणी माझ्याकडे होती. गोपनीयतेमुळे क्लायंटची नावे दिलेली नाहीत.

हाताळलेली ऑडिट्स

*कंपनी कायद्याखालील वैधानिक ऑडिट (9 खासगी कंपन्या, उलाढाल 6 ते 85 कोटी)*
बहुतेक सातपूर-अंबड पट्ट्यातील ऑटो पार्ट्स व शीट मेटल युनिट्स. स्टॉक, स्थिर मालमत्ता आणि देणेकरी-घेणेकरी हे भाग स्वतंत्रपणे केले.
– 31 मार्चच्या स्टॉक मोजणीला हजेरी. जॉबवर्कवर गेलेला माल युनिटमध्ये दिसत नाही आणि पुस्तकात मात्र असतो, म्हणून चलन, आयटीसी-04 आणि जॉबवर्करचे पुष्टीपत्र तिन्ही जुळवले. एका युनिटचा वर्षभरात परत न आलेला माल यातच सापडला.
– एका कंपनीने बंद शिफ्टचा स्थिर ओव्हरहेडही अखेरच्या स्टॉकवर चढवला होता. एएस 2 प्रमाणे तो सामान्य क्षमतेवरच वाटायचा असतो. फेरमोजणीने स्टॉक 11.4 लाखांनी उतरला आणि नोंद दुरुस्त झाली.
– कॅरो 2020 चा मसुदा, शेड्युल तीनमधील एजिंग तक्ते, नियम 11(जी) खाली टॅलीप्राइमचा एडिट लॉग वर्षभर चालू होता का याची तपासणी.

*टॅक्स ऑडिट (41 फाइल्स)*
फॉर्म 3सीडी पूर्ण भरणे. सर्वाधिक वेळ कलम 43बी(एच) ला गेला: पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र, तो सूक्ष्म की लघु, उत्पादक की व्यापारी, लेखी करार आहे की नाही (असल्यास कमाल 45 दिवस, नसल्यास 15). नुसते लेजरवरून काढले तर व्यापारीही यादीत येतात आणि नामंजुरीचा आकडा फुगतो. क्लॉज 44 साठी जीएसटी नोंदणीनुसार खर्चाची विभागणी.

*बँक शाखा ऑडिट (5 शाखा, एप्रिल 2024 व 2025)*
निफाड, दिंडोरी भागातील शाखा. पीककर्जाला सरसकट 90 दिवसांचा निकष न लावता पीक हंगामानुसार एनपीए ठरवणे. वसुली नसताना नवे कर्ज देऊन जुने खाते फेडल्याचे दिसले तिथे एमओसी प्रस्तावित केली. एलएफएआरचा मसुदा.

*सहकारी पतसंस्था (3)*
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 खालील ऑडिट, ऑडिट वर्ग ठरवण्याचे गुणपत्रक, मागील दोष दुरुस्ती अहवालाचा पाठपुरावा.

*इंटर्नल ऑडिट*
एक वायनरी, तिमाही. खरेदी, बॅरल साठा, उत्पादन शुल्क नोंदवही व पुस्तके यांचा ताळमेळ.

लेखा मानके
प्रत्यक्ष वापर: एएस 2, 9, 10, 15, 18, 22, 29. वायनरीत एएस 16 चा प्रश्न आला: 14 महिने बॅरलमध्ये मुरणाऱ्या रेड वाइनच्या साठ्यावर व्याज भांडवली करता येईल का, यावर टिपण तयार केले. लहान व मध्यम कंपन्यांना 2021 च्या नियमांखालील सवलती, विशेषतः एएस 15 व 17, कुठे लागू होतात ते फाइलवर नोंदवते.
इंड एएस: 115, 116 व 109 अभ्यासक्रमापुरतेच. इंड एएस लागू असलेल्या कंपनीचे किंवा एकत्रित वित्तीय विवरणांचे काम केलेले नाही.
ऑडिट मानके: एसए 230, 501, 505, 530, 570 नुसार वर्किंग पेपर.

साधने
टॅलीप्राइम, आयकर व जीएसटी पोर्टल, एमसीए व्ही3. एक्सेलमध्ये `SUMIFS`, `XLOOKUP`, पिव्होट, पॉवर क्वेरी. जीएसटीआर-2बी आणि खरेदी रजिस्टर जुळवण्याची शीट स्वतः बनवलेली आहे.

शिक्षण
बी.कॉम., सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, 2023. आयसीआयटीएसएस पूर्ण.

भाषा
मराठी, हिंदी, इंग्रजी (अहवाल लेखन).

इतर
बाहेरगावचे ऑडिट चालेल. फॉर्म 108 आणि नावे झाकलेला एक नमुना वर्किंग पेपर मुलाखतीला आणेन.