परीक्षेच्या दिवसांत स्पीकरचा आवाज कमी ठेवण्याबद्दल गल्लीतल्या सर्वांना विनंती

गल्लीतले सर्व आजी-आजोबा, काका-काकू, मंडळाचे दादा आणि मारुतीच्या देवळातली भजनी मंडळी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी सायली. कांड्या भरणाऱ्या आक्कांची थोरली नात. यंदा बारावी सायन्सला आहे. 10 फेब्रुवारीला आमचा इंग्रजीचा पेपर आहे आणि लेखी परीक्षा 18 मार्चपर्यंत चालणार आहे. दहावीचे पेपर 20 फेब्रुवारीला सुरू होतात. आपल्या गल्लीतून यंदा बारावीला आम्ही तिघं आणि दहावीला चौघं बसतोय. त्या सगळ्यांशी बोलून, आमच्या सगळ्यांच्या वतीनं हा मेसेज लिहितेय. थोडा मोठा झालाय, पण सवड काढून पूर्ण वाचा, ही पहिली विनंती.

आपली इचलकरंजी आवाजाचं गाव आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझा जन्मच मागांच्या खडखडाटात झाला. आमच्या भिंतीपलीकडे कारखाना आहे आणि त्या आवाजात मी पहिलीपासून अभ्यास केलाय. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माग एका लयीत चालतो, थोड्या वेळानं कान त्याला सरावतो आणि मन पुस्तकात लागतं. स्पीकरवरच्या गाण्याचं तसं होत नाही. गाण्यात शब्द असतात, मधेच निवेदन असतं, एक गाणं संपून दुसरं सुरू होतं, आणि दर वेळी मन तिकडं ओढलं जातं. केमिस्ट्रीच्या रिॲक्शन पाठ करताना ओळीच्या मध्ये गाण्याची ओळ घुसते. गणिताची पायरी लिहिता लिहिता हात थांबतो. परत सुरुवात केली की परत तेच. तासभर बसून पानभरही पुढं सरकत नाही, आणि पेपर जवळ आलेला असला की मग रडू येतं. गेल्या महिन्यात प्रिलिमच्या वेळी आमच्यातल्या बहुतेकांनी हे सोसलंय.

काही जणांना वाटेल, दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. आम्ही लावतो. पण आपल्या घरांचे पत्रे आणि खिडक्यांच्या चौकटी कशा आहेत, हे आपल्याला माहीतच आहे. त्यातून बेसचा आवाज खिडकीला अडत नाही. गाण्याचे शब्द भिंतीनं थोडे तरी थोपतात, पण धडधड भिंतीतूनच आत येते. भांड्यांच्या मांडणीवरची ताटं थरथरतात. काही जण म्हणतील, अभ्यासिकेत जा. तिथं आम्ही दिवसा जातोच, पण जागा मिळेलच असं नाही आणि रात्री ती बंद होते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच आहे. सगळ्यांची जेवणं उरकून, टीव्ही बंद झाला, की मग खरा अभ्यास सुरू होतो. काही जण रात्री साडेनऊपासून बारा-साडेबारापर्यंत बसतात आणि काही पहाटे चारला उठतात. पेपर सकाळी अकराला असतो आणि साडेदहाला हॉलमध्ये बसावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीची झोपही अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहे. झोप न झालेल्या डोक्यानं तीन तास पेपर लिहिणं फार जड जातं.

आता नेमकं काय मागतेय ते सांगते.

सर्वात आधी लग्नघराशी बोलते. आपल्या ताईचं लग्न याच महिन्यात आहे आणि त्याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. हळदीला मी येणारच, ताईला हळद लावल्याशिवाय राहणार नाही. मामा, तुम्ही हळदीला डीजे सांगितलाय असं ऐकलं. माझी विनंती एवढीच आहे की हळद संध्याकाळी सहालाच सुरू करावी, म्हणजे नऊपर्यंत सगळ्यांना मनसोक्त नाचता येईल, आणि नऊनंतर स्पीकर बंद ठेवावेत. बायकांची हळदीची गाणी त्यानंतरही चालू देत. आक्का आणि शेजारच्या आजींना पाठ असलेली गाणी स्पीकरविना जास्त छान ऐकू येतात, असं मला मनापासून वाटतं. वरातीला शक्य असेल तर डीजेऐवजी बेंजो सांगा. आणि वरात चौकातून घरापर्यंत येताना आमच्या बोळापाशी जास्त वेळ थांबू नये, कारण वरातीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा पेपर आहे.

मंडळाच्या दादांना शिवजयंतीबद्दल सांगायचंय. 19 फेब्रुवारीला पन्हाळ्याहून शिवज्योत येते तेव्हा आम्ही सगळेच चौकात उभे असतो, यंदाही असू. तो दिवस दणक्यात व्हावा असंच आम्हालाही वाटतं. अडचण त्या दिवसाची नाही. अडचण आधीच्या आठवड्याची आहे. मंडप पडला की सकाळपासून पोवाडे सुरू होतात आणि दिवसभर स्पीकर चालूच राहतो, समोर ऐकायला कुणी नसलं तरी. दादा, ते आठ दिवस स्पीकर फक्त संध्याकाळी सहा ते आठ लावला तर? जयंतीच्या दिवशी पाळणा, पूजा आणि मिरवणूक नेहमीप्रमाणे होऊ दे. त्या दिवशी आम्ही आमच्या अभ्यासाचं वेळापत्रक तसंच लावून घेऊ. होळी आणि रंगपंचमीलाही असंच ठरवता आलं तर फार बरं होईल. रंग खेळायला आम्हीही दुपारी तासभर येऊ.

आवाज कमी केला तर मजा जाईल, अशी काळजी दोन-तीन दादांनी बोलून दाखवली. त्यावर फिजिक्समध्ये शिकलेलं थोडं सांगते. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. आवाज 10 डेसिबलनं खाली आणला की त्याची ऊर्जा एक दशांशावर येते, पण कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखाच वाटतो. म्हणजे स्पीकरसमोर उभ्या असलेल्या माणसाला गाणं नीट ऐकू येत राहतं आणि बोळाच्या टोकाला अभ्यास करणाऱ्याला मात्र मोठा आराम मिळतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. आपल्या गल्लीत तसं होत नाही, कारण दोन्ही बाजूंना भिंती आहेत आणि आवाज त्यांच्यावर आपटून पुढं पुढं जात राहतो. म्हणून स्पीकरचं तोंड कुठल्या दिशेला आहे याला फार महत्त्व आहे. सध्या मंडपातले दोन्ही बॉक्स बोळाकडं तोंड करून ठेवतात. ते मैदानाकडं फिरवले आणि बेस थोडा खाली घेतला, तर दादा, निम्मी अडचण तिथंच मिटेल. यासाठी एक रुपयाही खर्च नाही. साउंडवाल्या दादांना मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे.

देवळातल्या भजनी मंडळींना सांगायला मला सर्वात जास्त संकोच वाटतोय, कारण तात्यांच्या काकड्यानंच मी लहानपणापासून उठतेय. पहाटेच्या भजनाबद्दल काही म्हणणं नाही. टाळ-मृदंगाचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो आणि तो आवडतो. फक्त देवळावरचा कर्णा परीक्षा संपेपर्यंत बंद ठेवून आतल्या लहान स्पीकरवर भजन झालं तर बरं होईल. रात्री बारापर्यंत जागलेल्या पोरांना पहाटे साडेपाचपर्यंत तरी झोप मिळेल. आणि जी पोरं चारला उठतात त्यांना तेवढा वेळ शांततेत वाचता येईल.

बाकी किरकोळ गोष्टी आहेत. घरातला टीव्ही आणि साउंडबार रात्री नऊनंतर आपल्या भिंतीपुरता ठेवावा. गल्लीत गाड्यावर भाजी किंवा भंगार घेऊन येणाऱ्या मामांना रेकॉर्डिंगचा भोंगा चौकातच बंद करायला सांगितलं तर ते ऐकतात, मी एक-दोनदा सांगून पाहिलंय. वाढदिवसाचा केक रात्री बाराला कापायचा असेल तर कापा, पण तेव्हा स्पीकर आणि फटाके नकोत.

नियम काय आहे असं गेल्या रविवारी चौकात कुणीतरी विचारलं होतं, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. यातून कुणाला धाक दाखवायचा माझा हेतू नाही. केंद्र सरकारच्या 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण तीही वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवसच. शाळा, कॉलेज आणि दवाखान्यांपासून 100 मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. आम्ही मुलांनी एकमेकांत ठरवलंय की पोलिसांना फोन करायचा नाही. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्यांच्या विरोधात तक्रार करायचं आमच्या मनातही येत नाही. कधी आवाज फारच वाढला तर आमच्यातलं कुणीतरी येऊन हळूच सांगेल. त्या वेळी कृपा करून रागावू नका, तेवढं ऐकून घ्या.

हे फक्त आमच्या मार्कांसाठी आहे असंही नाही. माझे बाबा रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतात. पलीकडच्या घरात बाळंतीण आहे. मागच्या बाजूच्या आजोबांचं गेल्याच महिन्यात हृदयाचं ऑपरेशन झालंय. त्यांना बेसच्या धडधडीचा त्रास होतो हे त्यांनी आमच्याजवळ सांगितलंय, मंडळाजवळ सांगायला ते कचरतात. त्यांच्या परवानगीनंच इथं लिहितेय.

बारावी संपली की एप्रिल-मेमध्ये आमच्यातल्या दोघांची सीईटी आहे आणि माझी नीट आहे. त्याबद्दल आता काही मागत नाही, तारखा जवळ आल्या की फक्त कळवेन.

आम्हा सातही जणांच्या पेपरांच्या तारखा एका कागदावर लिहून मंगळवारी सकाळी किराणा दुकानाच्या फळ्यावर लावते. पेपरच्या आदल्या रात्रींवर लाल खूण असेल. त्या रात्रींपैकी एखाद्या दिवशी तुमच्या घरी कार्यक्रम असेल आणि तो पुढे-मागे करता येत नसेल, तर आधी निरोप द्या, म्हणजे त्या रात्रीपुरती आम्ही दुसरीकडं सोय बघू. मावशीचं घर नदीकडं आहे, तिथं तिघी-चौघींची झोपायची सोय होते. निरोप आक्कांकडं दिलात तरी चालेल, त्या दिवसभर दारातच कांड्या भरत बसलेल्या असतात.

आपली,
सायली
आणि गल्लीतली दहावी-बारावीची सगळी मुलं